सहा प्रश्न, दोन मिनिटे: एका अभ्यासिकेच्या सर्वेक्षणाचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे हे प्रकरण आहे. ग्रंथालयाला जोडून एक अभ्यासिका आहे आणि तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली दिवसभर बसतात. गावातील काही, तर बरीच आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी. ग्रंथालयाचे इन्स्टाग्रामवर खाते आहे, ते ग्रंथपाल मॅडम आणि एक पदवीधर तरुण मिळून चालवतात. अभ्यासिकेची वेळ दोन तासांनी वाढवावी, असे कार्यकारी मंडळाच्या मनात होते, परंतु वाढीव तासांसाठी पहारेकऱ्याला द्यावयाचा पगार पाहता पहाटेचे दोन तास किंवा रात्रीचे दोन तास, यांपैकी एकच परवडणार होते. त्यासाठी वाचकांचे मत घ्यायचे ठरले. कॅरोसेल, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या अनेक स्लाइडची एक पोस्ट, आणि त्यामागचा फॉर्म तयार करण्याच्या कामात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता.

याआधी एकदा असा प्रयत्न झालेला होता. त्या वेळच्या कॅरोसेलच्या पहिल्या स्लाइडवर ग्रंथालयाचे बोधचिन्ह, इमारतीचे छायाचित्र आणि “आपले मत आमच्यासाठी मोलाचे! फक्त १ मिनिट द्या” एवढा मजकूर होता. पुढच्या स्लाइडवर संस्थेचा इतिहास, त्यापुढच्या स्लाइडवर पदाधिकाऱ्यांची नावे आणि शेवटी फॉर्म भरण्याचे आवाहन. फॉर्ममध्ये अठरा प्रश्न होते. त्यांत जन्मतारीख, पूर्ण पत्ता आणि मोबाइल क्रमांक अनिवार्य होते, आणि अखेरीस “ग्रंथालयाविषयी आपले विचार विस्ताराने लिहा” अशी सूचना होती. उत्तरे आली ती मुख्यतः मंडळाच्या सदस्यांची आणि त्यांच्या घरच्यांची. वाचकांना रस नाही, असा निष्कर्ष तेव्हा काढण्यात आला. तो चुकीचा होता, हे फॉर्म स्वतः भरून पाहिल्यावर लगेच लक्षात येते.

एक कारण तर निव्वळ तांत्रिक होते. गूगल फॉर्ममध्ये एका व्यक्तीने एकदाच उत्तर द्यावे, यासाठी “Limit to 1 response” हा पर्याय सुरू केलेला होता. तो सुरू केला की फॉर्म भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन करावे लागते. इन्स्टाग्रामच्या बायोमधील लिंक दाबली की ती फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये न उघडता इन्स्टाग्रामच्या आतल्याच खिडकीत उघडते, आणि अशा अंतर्गत खिडकीतून लॉग-इन करण्यास गूगल सुरक्षेच्या कारणास्तव मनाई करते. त्यामुळे अनेकांच्या पडद्यावर पहिल्या प्रश्नाऐवजी `disallowed_useragent` अशी त्रुटी आली असणार. ग्रंथालयाच्या संगणकावर मात्र फॉर्म व्यवस्थित उघडत होता, म्हणून ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. हा पर्याय बंद केल्यास एखादा माणूस दोनदा उत्तर देऊ शकतो, हे खरे. परंतु अभ्यासिकेच्या वेळेसाठी कोणी रात्रभर जागून शंभर फॉर्म भरील ही भीती, आणि प्रामाणिक वाचक दारातूनच परत जाईल ही खात्री, या दोहोंत निवड करणे अवघड नव्हते.

दुसरे कारण त्या “फक्त १ मिनिट” या शब्दांत होते.

जुना फॉर्म किती वेळ घेतो, हे ठरवण्यासाठी तो आधी न पाहिलेल्या पाच जणांना बोलावले. दोन विद्यार्थी, एक निवृत्त शिक्षक, वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एक गृहिणी आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातील मुलगा. प्रत्येकाने आपल्याच फोनवर इन्स्टाग्राम उघडायचे, ग्रंथालयाच्या खात्यावर जायचे, लिंक दाबायची आणि फॉर्म पाठवेपर्यंत थांबायचे नाही, असे सांगितले. घड्याळ प्रश्न सुरू झाल्यापासून नव्हे, तर लिंक दाबल्यापासून लावले, कारण भरणाऱ्याच्या दृष्टीने वेळ तिथूनच सुरू होतो. सर्वांत वेगवान विद्यार्थ्याला सात मिनिटे लागली, शिक्षकांना अकरा.

वेळ नेमका कुठे जातो, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. सोमवार ते रविवार या सात ओळी आणि दिवसाच्या चार वेळांचे चार रकाने असा एक तक्त्याचा प्रश्न फॉर्ममध्ये होता. संगणकावर तो सुबक दिसतो, फोनवर मात्र शेवटचा रकाना पडद्याबाहेर जातो आणि तो पाहण्यासाठी तक्ता आडवा सरकवावा लागतो. पाचांपैकी तिघांना रात्रीचा रकाना आहे हेच कळले नाही. ज्या प्रश्नासाठी सर्व खटाटोप, त्याचे एक उत्तर पडद्याआड! त्याखालोखाल वेळ गेला तो मराठीत टंकलेखन करण्यात. विद्यार्थ्यांनी रोमन लिपीत दोन शब्द लिहून सुटका करून घेतली, शिक्षकांनी मात्र जोडाक्षर चुकले म्हणून तीन वेळा खोडले. तिसरा अडथळा मोबाइल क्रमांकाचा होता. तिथे आल्यावर गृहिणी थांबल्या आणि म्हणाल्या, “हा कशाला पाहिजे? उद्या वर्गणीसाठी फोन करणार का?” त्यांच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

अल्प वेळ सांगून लोकांना आत ओढावे आणि मग ते ओघाने शेवटपर्यंत जातील, हा समज सर्वेक्षणांच्या अभ्यासकांनी पूर्वीच तपासून पाहिलेला आहे. मिशिगन विद्यापीठातील क्रॉफर्ड, कूपर आणि लॅमियास यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला आठ ते दहा मिनिटे, तर दुसऱ्या गटाला वीस मिनिटे लागतील असे सांगण्यात आले होते. कमी वेळ सांगितलेल्या गटात सुरुवात करणारे अधिक निघाले, पण मध्येच सोडून जाणारेही त्याच गटात अधिक होते. मिर्ता गालेशिच आणि मिखाएल बोश्न्याक यांच्या २००९ च्या अभ्यासातून आणखी एक उपयुक्त गोष्ट दिसली: प्रश्नावलीत जसजसे पुढे जावे तसतशी उत्तरे घाईची, त्रोटक आणि एकसारखी होत जातात. याचा अर्थ असा की, अठराव्या प्रश्नापर्यंत पोहोचलेल्या चिकाटीच्या वाचकाचे उत्तरही पहिल्या प्रश्नाच्या उत्तराइतके भरवशाचे राहत नाही. ग्रंथालयाच्या जुन्या फॉर्ममध्ये वेळेचा प्रश्न चौदावा होता.

यानंतर कामाचा क्रम उलटा केला. एरवी फॉर्म आधी तयार होतो आणि त्याची जाहिरात करायची म्हणून कॅरोसेल मागाहून केले जाते. येथे दोन वाक्ये आधी लिहिली, आणि त्या वाक्यांना जे प्रश्न उतरतील तेवढेच ठेवायचे असे ठरवले. पहिले वाक्य कारणाचे होते: “अभ्यासिका पहाटे ६ ते ८ उघडावी की रात्री ८ ते १०, हे मंडळ या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरवणार आहे, तुमची उत्तरे त्या बैठकीत मांडली जातील.” दुसरे वाक्य वेळेचे होते, त्यात आकड्याची जागा मुद्दाम रिकामी सोडली.

कारणाचे वाक्य असे स्पष्ट लिहिल्यावर प्रश्नांची गळती आपोआप झाली. प्रत्येक प्रश्नापुढे एकच विचारणा होती: याचे उत्तर वेगळे आले, तर रविवारचा निर्णय बदलेल काय? जन्मतारखेने बदलत नाही. आवडता लेखक, ग्रंथालयाची स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे वर्तन, यांनीही बदलत नाही. स्वच्छतेचा प्रश्न गाळू नये असे एका सदस्यांचे म्हणणे होते. “त्यावर या महिन्यात काही करणार आहोत का?” असे मॅडमनी विचारले आणि तो विषय संपला. नाव आणि मोबाइल क्रमांक गाळण्यामागे आणखी एक विचार होता. अभ्यासिकेत सोळा-सतरा वर्षांची मुलेही बसतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. जी माहिती लागतच नाही, ती गोळा करून जबाबदारी ओढवून घेण्यात अर्थ नव्हता.

उरले ते सहा प्रश्न. सध्या अभ्यासिका वापरता का. वाढीव वेळेत, पहाटे किंवा रात्री, खरोखर येणार का, की दोन्हींत नाही. आठवड्यातून साधारण किती दिवस. घरून येण्या-जाण्याचे साधन कोणते. दोन्ही वेळांत येणे जमणार नसेल तर मुख्य अडचण काय. आणि सहावा, ऐच्छिक, लिहिण्याचा. महत्त्वाचा प्रश्न आता दुसरा झाला होता. तक्ता गेला आणि त्या जागी एकाखाली एक तीन पर्याय आले, जे कोणत्याही फोनवर एका नजरेत मावतात. साधनाचा प्रश्न वरकरणी अनावश्यक वाटतो, आणि तो गाळावा असे प्रस्तुत लेखकाचेही मत होते. तो राखला मॅडमनी. त्यांचे म्हणणे असे की, रात्री दहापर्यंत थांबायला हो म्हणणाऱ्यांत शेवटच्या एसटीने जाणारे किती आहेत, हे कळले नाही तर त्या ‘हो’ला किंमत नाही.

नवा फॉर्म पुन्हा पाच जणांना दिला. पहिले पाच यासाठी चालत नाहीत, कारण त्यांना प्रश्नांचा परिचय झालेला असतो आणि ते वेगाने भरतात. चौघांचे काम एक मिनिट वीस सेकंद ते दोन मिनिटे या दरम्यान झाले. पाचव्याने ऐच्छिक प्रश्नात चार ओळी लिहिल्या, त्याला साडेतीन मिनिटे लागली. येथे सरासरी काढून आकडा सांगण्याचा मोह होतो, परंतु सरासरी सांगितली तर हळू भरणाऱ्यांना आपण शब्द पाळला नाही असे होते. पाचांपैकी चौघे ज्या वेळेच्या आत आटोपतात ती वेळ घ्यावी, ती वरच्या पूर्ण मिनिटाला न्यावी, आणि लिहिणाऱ्यांसाठी वेगळा आकडा द्यावा, असे ठरले. रिकामी जागा अशी भरली: “६ प्रश्न, सुमारे २ मिनिटे. शेवटच्या प्रश्नात लिहायचे असेल तर ४.”

यावर मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. “दोन-चार कशाला? एक मिनिट लिहा. कोण घड्याळ लावून बसतंय!” मॅडम त्यांना एवढेच म्हणाल्या, “सर, एक मिनिट होतं तेव्हा माणूस तिसऱ्या प्रश्नावर असतो. तिथून पुढचं त्याला फुकट घेतल्यासारखं वाटतं.” मागच्या वेळचे एक मिनिट अकरा मिनिटांचे निघाले होते, आणि गावात ते वाचकांच्या लक्षात होते, हा मुद्दाही त्यांनी मांडला.

पाच स्लाइड

इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमध्ये आता वीसपर्यंत स्लाइड देता येतात. येथे पाच पुरल्या. पहिल्या स्लाइडवर बोधचिन्ह कोपऱ्यात गेले आणि प्रश्नच मोठ्या अक्षरांत आला: “अभ्यासिका पहाटे ६ ला उघडावी, की रात्री १० पर्यंत ठेवावी?” त्याखाली वेळेची ओळ. वेळ शेवटच्या स्लाइडवर द्यावी असा एक विचार होता, पण पुढे सरकवायचे की नाही याचा निर्णय माणूस पहिल्याच स्लाइडवर घेतो, त्यामुळे त्याला लागणारी माहिती तिथेच हवी.

दुसरी स्लाइड कारणाची. ज्याने कॅरोसेल पाहिले पण सरकवले नाही, त्याला इन्स्टाग्राम पुष्कळदा तीच पोस्ट पुन्हा दाखवते आणि त्या वेळी दुसरी स्लाइड पुढे करते. म्हणून दुसरी स्लाइड पहिलीवर टेकून चालत नाही, ती एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे. तिच्यावर कारणाचे वाक्य पूर्ण दिले आणि त्याखाली दोन ओळी घातल्या: “दोन्ही वेळांसाठी पहारेकऱ्याचा पगार सध्या परवडत नाही. शुल्क आणि आसनसंख्या यांत या निर्णयाने बदल होणार नाही.” या शेवटच्या वाक्यावर बराच खल झाला. जे ठरणार नाही ते आधीच सांगितल्याने लोक निरुत्साही होतील, अशी शंका होती. प्रस्तुत लेखकाच्या मते हेच वाक्य सर्वांत उपयोगी ठरले, कारण ते नसते तर ऐच्छिक प्रश्नात वातानुकूलनाची आणि शुल्ककपातीची मागणी भरून राहिली असती, आणि ती पूर्ण न झाल्याचा राग पुढच्या सर्वेक्षणावर निघाला असता.

तिसऱ्या स्लाइडवर फॉर्ममधील दुसऱ्या प्रश्नाचे प्रत्यक्ष चित्र दिले, म्हणजे दार उघडण्याआधी आत काय आहे ते दिसते. सोबत एक ओळ होती: नाव, मोबाइल आणि ईमेल विचारलेला नाही. चौथीवर फॉर्मपर्यंत जाण्याचा मार्ग सांगितला. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये दिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून “आमच्या खात्याच्या नावावर टॅप करा, तिथे वर ‘अभ्यासिका वेळ’ अशी लिंक आहे” असे पायरी-पायरीने लिहिले. बायोमध्ये पाच लिंक ठेवता येतात आणि पूर्वी तेथे संस्थेच्या चार लिंक होत्या. त्या आठवड्यापुरत्या काढून एकच ठेवली. पाचवीवर अंतिम तारीख, निर्णय याच खात्यावर कोणत्या दिवशी कळवला जाईल ती तारीख, आणि फोनवर भरणे जमत नसेल त्यांच्यासाठी काउंटरवर हेच सहा प्रश्न छापील स्वरूपात आहेत, ही सूचना.

मांडणीत एक गंमत झाली. स्लाइडचा मजकूर ज्या डीटीपी चालकांकडून करून घेतला, त्यांनी तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला. चित्रात अक्षरे उत्तम उमटली, पण तोच मजकूर कॅप्शनमध्ये चिकटवल्यावर नुसती निरर्थक चिन्हे दिसू लागली. कॅप्शन आणि अंध वाचकांसाठीचे चित्रवर्णन पुन्हा युनिकोडमध्ये लिहावे लागले. शिवाय वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडत होते. देवनागरीला ओळींमधले अंतर रोमनपेक्षा जास्त लागते, आणि १०८० बाय १३५० च्या चित्रावर संगणकात ऐसपैस वाटणारा मजकूर फोनवर खेटून बसतो. मजकूर कमी करणे हाच उपाय होता.

कॅरोसेल सकाळी प्रसिद्ध केले, आणि फॉर्मची लिंक चिकटवलेली एक स्टोरीही त्यासोबत टाकली. स्टोरी चोवीस तासांनी नाहीशी होते, म्हणून ती अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी पुन्हा टाकली. दररोज संध्याकाळी तीन आकडे शेजारी लिहिले जात: पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, बायोतील लिंक किती वेळा दाबली गेली, आणि उत्तरे किती आली. पोहोच बरी पण लिंक दाबणारे थोडे, तर दोष कॅरोसेलमध्ये शोधावा. लिंक दाबणारे बरेच पण उत्तरे थोडी, तर दोष फॉर्ममध्ये. गूगल फॉर्म अर्धवट सोडलेल्यांची नोंद मालकाला दाखवत नाही आणि भरायला लागलेला वेळही मोजत नाही, फक्त पाठवल्याची वेळ नोंदवतो. त्यामुळे गळती कळण्याचा हाच एक ढोबळ मार्ग राहतो. या वेळी लिंक दाबणारे आणि उत्तरे देणारे यांत फारसे अंतर पडले नाही.

दुसऱ्या दिवशी कमेंटमध्ये एका मुलीने लिहिले, “दोन मिनिटं म्हणालात, मला पाच लागली.” विचारल्यावर कळले की ती एसटीत होती आणि फॉर्म उघडायलाच वेळ लागला. पाच जणांची चाचणी ग्रंथालयाच्या वाय-फायवर झालेली होती, खेड्याच्या वाटेवरच्या नेटवर्कवर नाही. कमेंट काढून टाकावी असे सुचवले गेले. त्याऐवजी तिला उत्तर दिले आणि ते उत्तर वर पिन केले: “नेटवर्क मंद असल्यास फॉर्म उघडायला जास्त वेळ लागतो, प्रश्न उघडल्यानंतर सुमारे २ मिनिटे.” तिसऱ्या दिवशी मंडळाकडून पिण्याच्या पाण्याविषयी एक प्रश्न वाढवण्याची सूचना आली. ती मान्य केली असती तर स्लाइडवरचे “६ प्रश्न” खोटे ठरले असते, आणि आधीच्यांना न विचारलेल्या प्रश्नाची अर्धीमुर्धी उत्तरे हाती आली असती. पाण्याची तक्रार काउंटरवरच्या वहीत नोंदवून घेतली.

उत्तरांत रात्रीच्या वेळेला स्पष्ट अधिक मते होती. परंतु दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरे एकत्र लावून पाहिल्यावर चित्र बदलले. रात्री दहापर्यंत थांबू म्हणणारे बहुतेक पायी किंवा दुचाकीने जाणारे, म्हणजे गावातले होते. एसटीने जाणाऱ्यांनी रात्रीचा पर्याय निवडला नव्हता, आणि पहाटेचाही नाही, कारण पहिली गाडी सहाच्या आत गावात पोहोचत नाही. त्यांनी पाचव्या प्रश्नात गाडीची वेळ हीच अडचण नोंदवली होती. छापील फॉर्म भरणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना पहाट हवी होती, पण त्यांना अभ्यासिका नको होती, वृत्तपत्रांचा कक्ष लवकर उघडायला हवा होता. ही सर्व उत्तरे स्वेच्छेने दिलेली आणि मुख्यतः इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांची आहेत, त्यावरून सर्व सभासदांची टक्केवारी काढू नये, असे टिपणात पहिल्याच परिच्छेदात लिहून ते बैठकीत ठेवले.

मंडळाने रात्रीची वेळ तीन महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर मान्य केली. ठरल्या तारखेला, म्हणजे बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, निर्णयाचे तीन स्लाइडचे कॅरोसेल टाकले. पहिल्यावर निर्णय, दुसऱ्यावर तो कोणत्या उत्तरांवरून घेतला ते, आणि तिसऱ्यावर एसटीने येणाऱ्यांची सोय या निर्णयात झालेली नाही, रविवारी अभ्यासिका दिवसभर उघडी ठेवता येईल का हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घेतला आहे, असे लिहिले. त्या पोस्टखाली आलेल्या बहुतेक कमेंट तिसऱ्या स्लाइडविषयीच्या होत्या आणि त्यांतल्या काहींनी शनिवारचीही मागणी केली. मॅडमनी त्याही पत्रिकेला जोडल्या.